गबदुल, बहुतेक

कारखान्यात मला सगळे रबरबाई म्हणायचे. कारखाना म्हणजे चित्रपटांचा, पण माणसांच्या नव्हे, हलत्या चित्रांच्या. वीस जण एकच अस्वल काढायचे आणि वीस अस्वलं वीस तऱ्हांची व्हायची. एकाचं नाक लांब, दुसऱ्याचे कान खाली. प्रत्येक पात्राचा एक ठरलेला तक्ता असायचा, समोरून, बाजूने, पाठीमागून. आलेलं प्रत्येक चित्र त्या तक्त्याशी ताडून बघायचं आणि चुकलेलं खोडायचं, हे माझं काम. अडतीस वर्षं केलं. या कामाने एक वाईट खोड लागते. कुठलंही वेडंवाकडं चित्र बघितलं की ते काय आहे हे दिसत नाही, ते काय असायला हवं होतं तेच दिसतं.

आता चित्रं यंत्रावर होतात. मला आठवड्यातून दोन दिवस जुन्या तक्त्यांच्या खोलीत बसवलंय. धाकटे मालक म्हणतात, "तुमच्याइतकं कुणाला माहितीय?" याचा अर्थ, हिला घरी कसं बसवायचं ते कळत नाही. मलाही घरी बसायचं नव्हतंच. नवरा जाऊन सोळा आठवडे झाले होते. मी रडले नव्हते. खोटं कशाला बोलू, मला काहीच वाटत नव्हतं. सकाळी दोन कप चहा करायचा, एक ओतून द्यायचा आणि कामाला यायचं, एवढंच चाललं होतं.

त्या नवऱ्याच्याच आजारपणात, गेल्या हिवाळ्यात, धाकट्या मालकांनी फोनवर एक फोटो पाठवला होता. लहान मुलाचा हाताने विणलेला स्वेटर, पुढच्या बाजूला एक चित्र. कुणा बाईंना हवंय, कुठलं पात्र ते सांगा. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. रुंद डोकं, गोल कान, गळ्यात मफलर. मी पाच मिनिटांत उत्तर पाठवलं, 'गबदुल.' पुढे पूर्णविरामही दिला. गबदुल म्हणजे आमचं अस्वलाचं पिल्लू. देशाच्या एकाच कोपऱ्यात दिसायचा तो, उत्तरेकडच्या दरीतल्या दूरदर्शन केंद्रावर, दोन वर्षं. मग मी फोन पर्समध्ये टाकला आणि विसरून गेले.

ती बाई त्यानंतर सहा महिन्यांनी तक्त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

चाळिशी ओलांडलेली, नीटनेटकी, गळ्यात चष्म्याची साखळी. म्हणाली, "मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. तो स्वेटरचा फोटो माझा होता. गबदुल म्हणून सांगितलं, त्या मॅडम तुम्हीच ना?"

"हो. का, काय झालं?"

"मला तेच कागदावर लिहून हवंय. सही-शिक्क्यासकट."

मी तिला बसवलं. खुर्चीवरचे तक्ते उचलून खाली ठेवले. तिने सांगितलं ते असं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, थंडी ओसरत असताना, एका जंक्शनच्या प्रतीक्षालयात ती सापडली. वय तीनच्या आसपास. अंगात हा स्वेटर. नाव विचारलं तर पाणी मागायची. मग अनाथाश्रम, शाळा, नोकरी. लग्न केलं नाही, कारण प्रत्येक स्थळ आधी घराणं विचारायचं. रक्ताचं कुणी जुळतं का बघायला स्वतःच्या थुंकीचा नमुना तिने कधीच सरकारी यादीत देऊन ठेवला होता, तिथून काही आलं नाही. राहिला हा स्वेटर.

"तुमचा निरोप आला, गबदुल फक्त दरीतच दिसायचा असं कळलं नि मी तिकडे गेले," ती म्हणाली. "सगळी रजा घालवली. दुकानादुकानांतून कागद चिकटवले. नवव्या दिवशी एका आजींनी बोलावून घेतलं."

त्या आजींची अडीच वर्षांची मुलगी त्याच हिवाळ्यात, एसटीच्या स्थानकावरच्या गर्दीत हरवली होती. हरवली तेव्हा तिच्या अंगात आईने विणलेला गबदुलचा स्वेटर होता. आजींना आता डोळ्यांनी मधलं दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. त्यांनी स्वेटरवरचं चित्र बोटांनी चाचपलं, विचारलं, "गबदुलच ना?" ही म्हणाली, "हो, कंपनीनेच सांगितलंय." आणि आजींनी तिला पोटाशी धरलं.

"आता त्या रोज फोन करतात," ती म्हणाली. "मी आई म्हणते त्यांना."

"मग कागद कशाला?"

"त्यांचा थोरला मुलगा आहे. वाईट नाहीये तो. म्हणतो, ताई, एक तर तपासणी करू, नाहीतर कंपनीचा कागद आण. गालाला आतून कापूस फिरवतात, तेवढीच तपासणी. पण आई म्हणतात, कापूस फिरवून कुणी आई ठरवतं का? आणि…" ती थांबली. "आणि मलाही नको आहे."

हे मला लगेच समजलं. नवऱ्याच्या वेळी एक तरुण डॉक्टर होता. विचारलं की म्हणायचा, "नक्की सांगता येत नाही." मी त्याला घाबरट ठरवलं आणि दुसऱ्याकडे गेले. तो दुसरा छातीठोकपणे म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत चालायला लागतील." आम्ही उन्हाळ्यासाठी नवी पायताणं घेतली. ती अजून खोक्यात आहेत.

"स्वेटर आणलाय?" मी विचारलं.

तिने पिशवीतून तो काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. कागद टाइप करायला मी यंत्र पुढे ओढलं होतं, ते तसंच राहिलं. फोटोत तो सपाट होता. इथे तो लोकर होता. आणि लोकर मला कळते, सासूबाईंनी टाका चुकला की सुई हातावर मारून शिकवलंय.

"तुम्हाला घाई आहे का?" मी म्हणाले.

"पाचची गाडी आहे."

मी भिंग घेतलं आणि चित्राच्या डोक्याचे टाके मोजले. आडवे बावीस. मग उभ्या ओळी मोजल्या. त्याही बावीस. पुन्हा मोजल्या.

"काय झालं?" तिने विचारलं.

"हे बघा. विणीतला एक टाका चौरस नसतो. रुंदीला जास्त असतो, उंचीला कमी. पोराच्या गणिताच्या वहीत, चौकटीच्या कागदावर, कुणी गोल डोकं काढलं आणि एका घराला एक टाका घातला, तर विणल्यावर ते डोकं चेपतं. गोलाचं रुंद होतं. मी रुंद डोकं बघितलं आणि गबदुल म्हणाले. गबदुलचं डोकं रुंदच आहे, पावासारखं. पण हे बावीस गुणिले बावीस आहे. म्हणजे कागदावर ते गोल असेल."

"गोल डोक्याचं कोण?"

मी उठून दोन तक्ते काढले. "हा टमाजी. उंदीर. बिस्किटांच्या डब्यावर असायचा, गावोगाव. आणि हा खुशाल, पाणमांजर. हात धुवा, नखं कापा, असे शाळेत लावायचे त्या चित्रांमध्ये. गबदुल, टमाजी, खुशाल, तिघं आमच्या एकाच चित्रकाराच्या हातचे. एका बापाची लेकरं, तोंडावळा सारखाच."

तिने तिन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून बघितले, मग स्वेटर, मग पुन्हा तक्ते. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. माझ्याही हललं नसेल. आम्ही दोघी अगदी शहाण्यासारख्या बसलो होतो.

"पण मफलर आहे," ती म्हणाली. "यांना मफलर नाही."

"आहे खरा." मी स्वेटर उलटा केला. आतल्या बाजूला चित्राचे धागे नीट एकमेकांत अडकवलेले होते, पण मफलरचे नव्हते. तो विणून झाल्यावर वरून सुईने भरलेला होता. "हे नंतर भरलंय. आता नंतर म्हणजे त्याच संध्याकाळी की वर्षाने, ते मला कळत नाही. बारीकसारीक गोष्टी पुष्कळ बायका शेवटी सुईनेच भरतात. मीही भरते. तेव्हा पहिल्यापासून गबदुलच करायचा असेल आणि मफलर शेवटी भरला असेल. किंवा टमाजी विणला आणि पोराने रडून मफलर मागितला असेल."

"कान?"

हे तिने मला विचारायला नको होतं. फोटोतही तो कान मी बघितला होता. डावा वर, उजवा खाली लोंबलेला. बघितला आणि मनातल्या मनात उचलून जागेवर बसवला, अडतीस वर्षं बसवले तसा. विणणारणीची चूक म्हणून. ती चूक नसेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

"खुशालचा एक कान पडलेला असतो," मी म्हणाले. "नेहमी उजवाच."

"म्हणजे खुशाल?"

"नाही म्हणता येत. विणताना एक बाजू ओढली गेली तरी कान असा पडतो. पाय असते तर डोक्याच्या किती पट उंची आहे ते मोजलं असतं. टाके चेपले तरी डोकं आणि अंग सारखंच चेपतं, तो हिशेब बिघडत नाही. तिघांचा वेगवेगळा आहे तो. पण पाय काढलेच नाहीत, कंबरेच्या पट्टीपाशी चित्र संपवलंय. शेपूटही नाही."

"मग कोण आहे हा?"

"मला माहीत नाही."

हे तीन शब्द मी त्या खोलीत कधी उच्चारले नव्हते. धाकटे मालक नेमके तेव्हाच दारात आले. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि मला बाहेर बोलावलं.

"अहो, लिहून द्या ना गबदुल," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही आधी सांगितलंच आहे. कुणाचं काय बिघडतं? एक म्हातारी सुखाने डोळे मिटेल."

"आणि तिची खरी मुलगी कुठेतरी असेल तर?"

"चाळीस वर्षांनी?"

"ही पण चाळीस वर्षांनीच आलीय ना."

त्यांनी हात झटकले. "तुमचा शिक्का, तुमची सही," म्हणाले आणि गेले. मालक धाकटे असले तरी कुठून काढता पाय घ्यावा ते त्यांना पक्कं कळतं.

मी आत आले तेव्हा तिने स्वेटरच्या बाह्या उलगडल्या होत्या. फोटोत त्या मागे दुमडलेल्या होत्या. मनगटाची पट्टी उसवून बाही पुढे वाढवलेली होती. आधी दोन बोटं तपकिरी लोकरीची, तिच्यापुढे दोन बोटं करड्या लोकरीची. तपकिरीवर स्वेटरइतकेच लोकरीचे बारीक गोळे आले होते, धुऊन धुऊन ती घट्ट झाली होती. करडी त्या मानाने नवी.

"हे आश्रमात केलं असेल?" मी विचारलं.

"नाही. सापडले तेव्हाच असं होतं. नोंदीत लिहिलंय, बाह्यांना दोन रंग."

मी जे दिसलं ते सांगितलं. हे एका बैठकीतलं काम नाही. एकदा वाढवल्या, तो बराच वापरला, मग पुन्हा वाढवल्या. एकाच मुलाच्या अंगात असेल तर दोन हिवाळे तरी गेले असावेत. थोरल्या भावंडाचा उतरलेला असेल तर ते वेगळं. वाढवणारा हात एकच की दोन, सांगता येत नाही.

ती बाहीवरून बोट फिरवत राहिली. "आमच्याकडे नंबर तपासताना दोन भिंगं दाखवतात," ती म्हणाली. "हे बरं की हे बरं? लोक घाबरतात, चुकीचं सांगितलं तर चुकीचा चष्मा मिळेल म्हणून. उगीच एक सांगून टाकतात. मी म्हणते, दोन्ही सारखं दिसत असेल तर सारखं म्हणा. तेही उत्तरच असतं." मग म्हणाली, "लिहा. जे आहे ते लिहा."

मी लिहिलं. हाताने, कारण यंत्रावर माझी बोटं चाचपडत चालतात. 'चित्र आमच्या चित्रकाराच्या पात्रांशी जुळतं. गबदुल, टमाजी, खुशाल यांपैकी एक असावं. तिघांशी थोडं थोडं जुळतं, पूर्ण कुणाशीच नाही. आधी फोटोवरून गबदुल असं निश्चित सांगितलं होतं, ती माझी चूक. निश्चित सांगण्याइतकं त्यात काही नव्हतं.' मग डोकं, मफलर, कान, प्रत्येकाची एक ओळ. बाह्यांची एक ओळ. खाली सही. शिक्का मारताना तो अर्धाच उमटला, म्हणून पुन्हा मारला.

तिने कागद वाचला. "याच्यात 'नाही' कुठे नाहीये," ती म्हणाली.

"नाही. पण 'हो'सुद्धा नाहीये."

"मला 'नाही'ची सवय आहे. हे त्यापेक्षा बरंय." तिने घड्याळात बघितलं, साडेतीन. "आईंच्या फोनची वेळ झालीच. त्यांना मीच वाचून दाखवते. थोरल्याने परस्पर सांगितलं तर त्यांना लागेल."

फोन आला. आजींना ऐकूही कमी येत असावं, कारण त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की आवाज फोनबाहेर माझ्यापर्यंत येत होता. "जेवलीस का गं पोरी?" ही म्हणाली, जेवले. मी तरी तिला जेवताना बघितलं नव्हतं. मग तिने कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचला, आश्रमातल्या पोरी धडा वाचतात तसा, न थांबता. 'माझी चूक' हे शब्द आले तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

"म्हणजे गबदुल असेलही," आजी म्हणाल्या.

"असेलही, आई."

"बघ. मी म्हटलंच होतं. पुढे?"

"पुढे बाह्यांचं आहे. बाह्या दोनदा वाढवलेल्या आहेत. आधी तपकिरी लोकर, मग करडी. दोन हिवाळे वापरला असावा."

तिने फोन कानापासून काढून अजून चालू आहे का ते बघितलं.

"दोनदा?" आजी म्हणाल्या.

"हो."

"मी तो दिवाणावर बसून विणला होता," आजी म्हणाल्या. आवाज आता लहान झाला होता, मला खुर्ची पुढे ओढावी लागली. "थंडी सुरू झाली तेव्हा विणला, नि महिन्याभरात ती गेली. बाह्या मोठ्याच होत्या तिला, मी दुमडून द्यायचे. वाढवायची वेळच आली नाही गं माझ्यावर."

तिने कागद टेबलावर ठेवला.

"तू सापडलीस कधी म्हणालीस?"

"त्याच हिवाळ्यात. शेवटी शेवटी."

"मग दुसऱ्या कुणीतरी वाढवल्यात," आजी म्हणाल्या. "करडी लोकर चांगली आहे का?"

तिने बाही दोन बोटांत धरली. "मऊ आहे."

"हं," आजी म्हणाल्या. "थोरल्याला सांगते, त्या कापसाचं काय ते बघ म्हणावं. आता घेऊन टाकू." आणि फोन ठेवला. रोज त्या निरोपाचं काहीतरी बोलून मगच ठेवत असाव्यात, कारण ही अजून फोन कानाला लावून त्याची वाट बघत होती.

शेवटी फोन खाली ठेवून तिने विचारलं, "म्हणजे गबदुल नाही?"

मला तिला काहीही सांगता आलं असतं. तिने ते घेतलंही असतं. "ते अजूनही सांगता येत नाही," मी म्हणाले. "गबदुल असू शकतो. दरीत तेव्हा घरोघर विणत असतील. त्या तुमच्या आई नाहीत, बहुतेक. एवढंच."

"बहुतेक," ती म्हणाली.

"बहुतेक."

तिने उठून स्वेटरची घडी घातली, बाह्या आत घेऊन. कागद त्याच्यात ठेवला. मग एकदम खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी पाच महिने रोज कुणाला तरी जेवले म्हणून सांगत होते."

खिडकीपाशी चहाची किटली होती. मी दोन कप केले आणि दुसरा ओतून न देता तिच्यापुढे ठेवला. थोडा बशीत सांडला. मला वाईट वाटत होतं. तिच्यासाठी, त्या आजींसाठी, आणि माझ्यासाठी, खोक्यातल्या पायताणांसाठी. सोळा आठवड्यांत पहिल्यांदाच, आणि सगळं एकदम.

तिने चहा संपवला. पाचची गाडी तिला मिळाली असावी. मी विचारलं नाही.